शिरोरेषा वरून ओढलेली नसते

«शब्द टाइप झाला की संगणक त्याच्यावर एकच सलग रेघ ओढतो, म्हणून अक्षरांमधलं अंतर हवं तेवढं वाढवता येतं.»

कागदावर आपण शब्द लिहून शेवटी रेघ ओढतो, त्यामुळे असं वाटणं अगदी साहजिक आहे. फॉन्टमध्ये मात्र प्रत्येक अक्षर आपापला रेघेचा तुकडा घेऊन येतं. वर्ड किंवा लिबरऑफिसमध्ये ‘कमल’ मोठ्या आकारात टाइप करा, अक्षरांतलं अंतर चार पॉइंटांनी वाढवा. रेघेचे तीन तुकडे होतील.

म्हणूनच रोमन अक्षरांभोवती सोडतात तशी मोकळी जागा रेघेच्या पातळीवर सोडता येत नाही. ती रेघेखाली, अक्षराच्या अंगाभोवती सोडायची आणि रेघ दोन्हीकडे तिच्या टोकापर्यंत न्यायची. बरेच अक्षरकार ती किंचित पुढेही नेतात, शेजारच्या रेघेवर चढेल इतकी; नुसती टेकवली तर पडद्यावर सांध्यात केसाएवढी फट दिसू शकते. अक्षरांना फक्त बाह्यरेषा देऊन पाहा, बऱ्याच फॉन्टांत हे चढलेले सांधे उघडे दिसतात.

‘भ’ आणि ‘ध’ यांच्या डोक्यावरची फट मात्र जपावीच लागते. शेजारची रेघ तिथवर घुसली, तर ‘भ’चा ‘म’ आणि ‘ध’चा ‘घ’ वाचला जातो.