ऑनलाइन दुकानासाठी पेमेंट गेटवे, डिलिव्हरीचे नियम आणि परतावा धोरण
(आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

आपले ऑनलाइन दुकान आमच्याकडून तयार झाले की उत्पादनांचे फोटो आणि भाव भरून होतात, परंतु दुकान विक्रीसाठी उघडण्यापूर्वी तीन गोष्टी आपल्या निर्णयावाचून पुढे सरकत नाहीत. पैसे कोणत्या मार्गाने येणार, पार्सलचा खर्च कोणाकडून किती घेणार आणि माल परत आला तर काय करणार, हे ते तीन प्रश्न होत. या तिन्हींची उत्तरे एकमेकांशी जुळली नाहीत तर दुकान चालते, ऑर्डरी येतात आणि तरीही महिनाअखेर हाती काही उरत नाही. म्हणून या पत्रकात आम्ही एकच उदाहरण शेवटपर्यंत नेले आहे: सावद्याहून पुण्याला जाणारे केळीच्या वेफर्सचे पार्सल. वेफर्सची 200 ग्रॅमची पाच पाकिटे, प्रत्येकी 120 रुपये, म्हणजे 600 रुपयांचा माल.

पेमेंट गेटवे

पेमेंट गेटवे म्हणजे ग्राहकाने ऑनलाइन भरलेले पैसे आपल्या बँक खात्यात पोहोचवणारी सेवा. गेटवेकडे अर्ज करताना पॅन, बँक खात्याचा पुरावा, उद्यम नोंदणी किंवा जीएसटी प्रमाणपत्र आणि खाद्यपदार्थ असल्यास 14 अंकी एफएसएसएआय क्रमांक लागतो. अर्ज बहुधा नावावरून अडतो. दुकानाच्या पाटीवर एक नाव, बँक खात्यावर दुसरे आणि संकेतस्थळावर तिसरे असे असेल, तर तपासणी करणारा अर्ज परत पाठवतो. तसेच संपर्काचा पत्ता, अटी, गोपनीयता, डिलिव्हरी आणि परतावा यांची पाने भरलेली नसतील तर गेटवे खाते सुरू करत नाही. ती पाने आधी लिहून घ्यावी लागतात ती याचसाठी.

शुल्काचा दर गेटवेनुसार आणि पैसे भरण्याच्या प्रकारानुसार बदलतो. उदाहरणापुरते 2 टक्के धरू. त्या शुल्कावर 18 टक्के जीएसटी लागतो आणि शुल्क डिलिव्हरीसह पूर्ण रकमेवर आकारले जाते, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. ग्राहकाने 600 रुपयांचा माल आणि 60 रुपये डिलिव्हरी असे 660 रुपये भरले, तर शुल्क 13.20 रुपये, त्यावरील कर 2.38 रुपये आणि आपल्या खात्यात 644.42 रुपये जमा होतात, तेही साधारणपणे दोन कामकाजाच्या दिवसांनी. सणासुदीला बँकांना सुट्ट्या आल्या की हा काळ लांबतो, त्यामुळे कच्च्या मालाचे पैसे त्याच जमेवर अवलंबून ठेवू नयेत.

जोडणी करताना गेटवेच्या दोन बाजू असतात, चाचणीची आणि प्रत्यक्ष व्यवहाराची. उदाहरणार्थ, रेझरपे या गेटवेमध्ये चाचणीची किल्ली, म्हणजे दुकान गेटवेला जोडणारा संकेतांक, `rzp_test_` ने सुरू होते आणि प्रत्यक्षातील `rzp_live_` ने. किल्ली बदलायला सहसा कोणी विसरत नाही. विसरतो तो वेबहुक, म्हणजे पैसे जमा झाल्याचा निरोप गेटवेकडून दुकानाला पोहोचवणारा पत्ता. तो दोन्ही बाजूंना वेगवेगळा नोंदवावा लागतो. एका दिवाळीत आमच्याकडूनच ही चूक झाली. पैसे भरल्यानंतर ज्या ग्राहकांच्या मोबाइलची रेंज गेली किंवा ज्यांनी यूपीआय ॲपमधून दुकानाच्या पानावर परत न येता मोबाइल बंद केला, त्यांचे पैसे कापले गेले, पण दुकानात ऑर्डर `Pending payment` अशीच पडून राहिली. दुकान ज्यावर चालते त्या वूकॉमर्स या प्रणालीमध्ये पैसे न आलेल्या ऑर्डरचा माल राखून ठेवण्याची मुदत मुळात 60 मिनिटांची असते, त्यामुळे तासाभराने ती ऑर्डर आपोआप रद्दही झाली. बाकीच्या ऑर्डरी नीट येत असल्याने दोन दिवस कोणाला शंकाही आली नाही. तेव्हापासून आम्ही दुकान उघडण्यापूर्वी एक रुपयाचे उत्पादन तात्पुरते ठेवतो, प्रत्यक्ष यूपीआयने पैसे भरतो, दुकानाच्या पानावर परत न येता ॲप बंद करतो आणि ऑर्डर `Processing` होते का ते पाहतो. आपणही रोज रात्री गेटवेच्या यादीतील जमा झालेले व्यवहार आणि दुकानातील ऑर्डरी यांची संख्या जुळवून पाहावी. दहा मिनिटांचे काम आहे.

डिलिव्हरीचे नियम

आमच्या मते पैसे सर्वांत जास्त येथे गळतात आणि खान्देशातील मालाच्या बाबतीत तर हमखास गळतात, कारण वेफर्स, पापड, बिबडे हा सगळा माल हलका आणि जागा खाणारा आहे. कुरियर कंपनी प्रत्यक्ष वजन आणि आकारमानी वजन यांपैकी जे जास्त असेल त्यावर आकारणी करते. आकारमानी वजन काढण्यासाठी खोक्याची लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये घेऊन त्यांचा गुणाकार करावा आणि त्यास बहुतेक कुरियरच्या रिवाजाप्रमाणे 5000 ने भागावे; उत्तर किलोमध्ये येते.

आपली पाच पाकिटे खोक्यासह 1.2 किलो भरतात. दर समजा पहिल्या 500 ग्रॅमला 40 रुपये आणि पुढील प्रत्येक 500 ग्रॅमला 35 रुपये, त्यावर 18 टक्के कर. दुकानदार तराजूवर पाहून 1.5 किलोचा हिशेब करतो: 110 रुपये, करासह 129.80. परंतु बाजारात सहज मिळणारा 30 × 25 × 20 सेंटिमीटरचा खोका वापरला असेल, तर गुणाकार 15,000 आणि वजन 3 किलो होते. मग आकारणी 215 रुपये, करासह 253.70. कुरियरच्या केंद्रावर यंत्राने मोजमाप होते आणि हा फरक काही दिवसांनी आपल्या खात्यातून परस्पर वजा होतो, म्हणून तो ऑर्डरच्या दिवशी दिसतच नाही. जमा झालेल्या 644.42 मधून 253.70 गेले की 390.72 रुपये उरतात आणि त्यातून वेफर्स, तेल, पाकिटे व मजुरी भागवायची असते.

यावर पहिला उपाय खोक्याचा आहे. तीच पाकिटे आडवी-उभी नीट रचली तर 25 × 20 × 20 च्या खोक्यात बसतात. वजन 2 किलो, खर्च करासह 171.10. एका पार्सलमागे 82.60 रुपये वाचले, ते केवळ खोका बदलून. (पाकिटांतील हवा काढून टाकू नये, वेफर्सचा चुरा होईल आणि वाचलेले पैसे परताव्यात जातील.) खोका बंद केल्यावर त्यावर मोजपट्टी ठेवून फोटो काढून ठेवावा, कारण कुरियरने जादा वजन लावल्यास हरकत घेण्यासाठी मोजकेच दिवस मिळतात आणि पुरावा म्हणून तोच फोटो लागतो.

दुसरा उपाय दुकानातील विभागांचा. वूकॉमर्समध्ये पिनकोडनुसार डिलिव्हरीचे विभाग करून प्रत्येकाला वेगळा दर लावता येतो. खान्देशासाठी आम्ही पुढीलप्रमाणे नोंद करतो:

```
424*
425*
```

यात धुळे, जळगाव आणि नंदुरबार येतात. या विभागाला कमी दर, त्याखाली महाराष्ट्र आणि शेवटी उर्वरित भारत असा क्रम ठेवावा. दुकान ही यादी वरून खाली वाचते आणि ग्राहकाचा पत्ता ज्या विभागात प्रथम बसेल तोच लावते. महाराष्ट्र वर आणि खान्देश खाली ठेवला, तर भुसावळच्या ग्राहकालाही मुंबईचा दर दिसतो, आणि तो तक्रार न करता निघून जातो.

उर्वरित भारताचा विभाग उघडण्यापूर्वी आपल्या कर सल्लागारांशी अवश्य बोलावे. करपात्र माल राज्याबाहेर विकायचा असेल तर उलाढाल कितीही कमी असली तरी जीएसटी नोंदणी लागते. नोंदणी नसेल तोवर तो विभाग आम्ही बंदच ठेवतो.

आता ग्राहकाकडून किती घ्यावे? आमचा सल्ला असा की वेफर्स सुटे न विकता पाच पाकिटांचा संच हेच एक उत्पादन करावे आणि महाराष्ट्रासाठी डिलिव्हरी 120 रुपये ठेवावी. तेव्हा ग्राहक 720 रुपये भरतो, गेटवेचे 16.99 आणि कुरियरचे 171.10 रुपये वजा जाता 531.91 रुपये हाती येतात. ‘999 च्या वर डिलिव्हरी मोफत’ ही पाटी वेफर्सला लावू नये. दोन संचांची ऑर्डर 1,200 रुपयांची होते, पण तिचे पार्सल 4 किलो धरले जाऊन खर्च 336.30 रुपयांवर जातो. मसाल्यासारख्या जड आणि आटोपशीर मालाला ती सवलत परवडते. घरपोच रोखीने पैसे घेण्याची सोय सुरुवातीला खान्देशापुरतीच ठेवावी, कारण पार्सल नाकारले गेले तर दोन्ही बाजूंचे भाडे आपल्यावर पडते.

परतावा धोरण

दुसऱ्या संकेतस्थळावरून उतरवून आणलेले ‘सात दिवसांत विनाशर्त परत’ असे पान आमच्याकडे अनेकदा येते. खाद्यपदार्थांच्या दुकानाला ते लावणे धोक्याचे आहे. ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ एवढेच लिहिणेही चालत नाही. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, 2020 नुसार माल सदोष असेल, वर्णनाप्रमाणे नसेल किंवा सांगितलेल्या मुदतीनंतर पोहोचला असेल, तर तो परत घेण्यास विक्रेत्याला नकार देता येत नाही. उशीर आटोक्याबाहेरच्या कारणाने झाला असेल तर तो अपवाद. म्हणून डिलिव्हरीच्या पानावर ‘दोन दिवसांत’ असे उत्साहाने लिहू नये. सावद्याहून पुण्याला चार दिवस लागत असतील तर सहा लिहावेत. आणखी एक बारकावा: बिलावर परताव्याची मुदत लिहिलीच नसेल, तर सदोष मालासाठी कायद्याने 30 दिवस धरले जातात. मुदत बिलावरही छापावी.

मन बदलले म्हणून खाद्यपदार्थ परत न घेण्याची अट मात्र ठेवता येते, फक्त ती खरेदीपूर्वी दिसली पाहिजे. पाकीट उघडतानाचा व्हिडिओ मागण्यास हरकत नाही, परंतु व्हिडिओ नाही म्हणून फुटलेल्या मालाची तक्रार झिडकारू नये.

पुण्याच्या पार्सलमधील एक पाकीट फुटले तर काय करावे, याचा हिशेब सोपा आहे. पूर्ण 720 रुपये परत केले तर गेटवेचे 16.99 सहसा परत मिळत नाहीत, कुरियरचे 171.10 गेलेले असतात आणि माल तर गेलाच. फुटके वेफर्स परत मागवले तर त्यावर पुन्हा भाडे. म्हणून फुटलेल्या पाकिटाचे 120 रुपये अंशतः परत करावेत आणि माल मागवू नये. पानावर आम्ही असा मजकूर सुचवतो:

“पार्सल मिळाल्यापासून सात दिवसांत फुटलेल्या, खराब झालेल्या किंवा चुकीच्या मालाचा फोटो ऑर्डर क्रमांकासह आम्हांस पाठवावा. तेवढ्या मालाची पूर्ण किंमत, आणि संपूर्ण पार्सल खराब असल्यास डिलिव्हरीच्या रकमेसह, आम्ही दोन कामकाजाच्या दिवसांत मूळ खात्यावर परत पाठवू. बँकेत रक्कम दिसण्यास त्यानंतर पाच ते सात कामकाजाचे दिवस लागू शकतात. माल परत पाठवण्याची आवश्यकता नाही. चव न आवडणे या कारणास्तव खाद्यपदार्थ परत घेतले जात नाहीत.”

या मजकुरात पैसे परत मिळण्याची मुदत दोन भागांत मुद्दाम लिहिली आहे. आपण रक्कम पाठवली तरी ती बँकेत दिसेपर्यंत ग्राहक रोज फोन करतो, आणि तो वेळ आपल्या हातात नसतो. याच पानावर तक्रार निवारण अधिकाऱ्याचे नाव, पद व संपर्क द्यावा लागतो. लहान दुकानात मालक स्वतः ते असू शकतात. तक्रार मिळाल्याची पोच 48 तासांत आणि निवारण एका महिन्यात करणे नियमाने बंधनकारक आहे.

आमच्या कार्यालयात या कामासाठी येताना कागदपत्रांबरोबर आपला माल भरून बंद केलेला एक खोका, वापरात असेल तोच, सोबत आणावा. मोजपट्टी आणि काटा आमच्याकडे आहे.