डायव्हर्टर की वॉल मिक्सर: भिंतीतलं महाग घ्या, भिंतीवरचं स्वस्त चालेल

सॅनिटरीच्या दुकानात फळीवर दोन्ही शेजारी-शेजारी लटकवलेले असतात. एक म्हणजे चकचकीत चौकोनी प्लेट, तिच्यावर एक दांडी आणि एक बटण. दुसरा म्हणजे दोन कान असलेला, थोडा जुन्या वळणाचा, भिंतीबाहेर आलेला नळ. दोघांचं काम एकच: गार आणि गरम पाणी मिसळून शॉवरला किंवा खालच्या तोटीला सोडायचं. पहिला कन्सील्ड डायव्हर्टर, दुसरा वॉल मिक्सर. पहिल्यांदा घर घेणारा माणूस बहुतेक दिसण्यावरून निवडतो. खरा फरक मात्र टाइल्सच्या मागे असतो.

माझ्या भाचीने लातूरला अंबाजोगाई रोडकडे फ्लॅट घेतलाय. चार मजली इमारत, तिचा मजला सगळ्यात वरचा. विटांचं काम झालंय, प्लास्टर व्हायचंय. बिल्डरने सांगितलंय, बाथरूमचे नळ आत्ता ठरवा, साध्यापेक्षा महाग घेतलंत तर फरक तुमचा. तिने दोन्ही बाथरूमला काळे डायव्हर्टर आणि छतासारखे मोठे शॉवर पसंत केले आणि मग फोन केला. “मामा, लई भारी दिसायलंय. पण पैसे कुठं घालावेत आन् कुठं हात आखडता घ्यावा, हे सांगा की.”

आधी दोन्हींच्या पोटात काय असतं ते बघू.

वॉल मिक्सरचं सगळं शरीर भिंतीबाहेर असतं. भिंतीत फक्त अर्ध्या इंची दोन एल्बो, एक गरमचा, एक गारचा, आणि शॉवरकडे वर जाणारा पाइप. दोन एल्बोंच्या मध्यातलं अंतर १५० मिलिमीटर असतं आणि ते जवळपास सगळ्या कंपन्यांना सारखं आहे. थोडं मागंपुढं झालं तर तिरके जोड फिरवून जुळवता येतं. याचा अर्थ असा, की दहा वर्षांनी मिक्सर खराब झाला तर मेन कॉक बंद करायचा, दोन नट सोडायचे, तो काढायचा आणि दुसऱ्या कुठल्याही कंपनीचा लावायचा. टाइलला हात लागत नाही.

डायव्हर्टरचं पितळी शरीर भिंतीतच गाडलेलं असतं. बाहेर दिसते ती प्लेट आणि दांडी. हे दोन भाग दुकानात बऱ्याचदा वेगवेगळे विकले जातात: आतली बॉडी वेगळी, बाहेरचा ट्रिम वेगळा. एका कंपनीच्या बॉडीवर दुसरीचा ट्रिम बसत नाही. एकाच कंपनीचं मॉडेल बदललं तरी बसेलच असं नाही. आतमध्ये सिरॅमिकच्या दोन चकत्या एकमेकींवर घासणारं कार्ट्रिज असतं. ते समोरून, दांडी आणि प्लेट काढून बदलता येतं. त्यामुळे दांडी बंद करूनही तोटी ठिबकत असेल तर घाबरायचं कारण नाही, कार्ट्रिज गेलंय. पण बॉडीला जिथे पाइप जोडलाय तो आटा गळायला लागला, तर टाइल फोडण्यावाचून इलाज नाही. आणि पाच वर्षांनी तीच टाइल बाजारात मिळत नसते.

म्हणून माझा हिशेब साधा आहे. जे काढायला टाइल फोडावी लागेल, ते चांगलं घ्या. जे पान्याने निघतं, ते स्वस्त चालेल. पण चूक उलटी होते: लोक बाहेरच्या काळ्या किंवा गुलाबी-सोनेरी ट्रिमवर पैसे घालतात आणि बॉडी “बिल्डर देतोय तीच चालेल” म्हणतात.

आता आपल्याकडच्या पाण्याकडे येऊ, कारण पुण्या-मुंबईचा सल्ला इथे जसाच्या तसा लागू पडत नाही. आपल्या बहुतेक सोसायट्यांत नळाचं पाणी रोज येत नाही. टाकीत बोरचं, टँकरचं, पालिकेचं, सगळं एकत्र असतं. बोरचं पाणी जड. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात कठीणपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत चांगला, आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालतो असं म्हटलंय. आपलं पाणी कुठे बसतं ते जिल्ह्याच्या भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या प्रयोगशाळेत तपासून घेता येतं. पेनासारखं टीडीएस मीटर यासाठी पुरत नाही, ते विरघळलेलं सगळंच मोजतं, क्षार कोणते ते सांगत नाही.

जड पाणी तापलं की त्यातला चुना सुटतो आणि पांढरा थर धरतो. म्हणून गीझरच्या बाजूचा भाग आधी जाम होतो. डायव्हर्टरचं शॉवर-तोटी बदलणारं बटण आधी कडक होतं, मग अर्ध्यात अडकतं आणि शॉवर चालू असताना तोटीतूनही पाणी येतं. टँकरच्या पाण्यात बारीक वाळू असेल तर ती सिरॅमिकच्या चकतीवर ओरखडे पाडते आणि तिथून ठिबक सुरू होते. वॉल मिक्सरमध्येही हे सगळं होतंच, नाही असं नाही. पण तिथे गावातला कुठलाही प्लंबर अर्ध्या तासात कार्ट्रिज किंवा अख्खा मिक्सर बदलून देतो. डायव्हर्टर घ्यायचाच असेल तर दुकानदाराला एकच प्रश्न विचारा: “याचं कार्ट्रिज आज तुमच्याकडे आहे का?” “मागवून देऊ” असं उत्तर आलं तर ते मॉडेल सोडा. असेल तर एक जास्तीचं तिथल्या तिथे घेऊन ठेवा.

काळ्या रंगाबद्दल भाचीला मी एवढंच सांगितलं, की बोरच्या पाण्याचा प्रत्येक थेंब त्याच्यावर पांढरा डाग ठेवून जातो. क्रोमवरही पडतो, पण तेवढा दिसत नाही. डाग काढायला ॲसिड लावलंत तर क्रोमही उडतो. लिंबाचं सत्त्व पाण्यात कालवून फडक्याने पुसायचं, बस.

दुसरी गोष्ट दाबाची. दहा मीटर उंचीच्या पाण्याचा दाब एक बार, प्लंबरच्या भाषेत एक किलो. टाकी जिन्याच्या खोलीवर आहे. वरच्या मजल्याच्या शॉवरपासून टाकीच्या तळापर्यंत तिच्या इमारतीत साधारण चार मीटर भरतात. म्हणजे हातात ०.४ बार, त्यातही पाइपच्या वळणांत थोडा जातो. छताएवढ्या मोठ्या शॉवरला नीट चालायला एक बारच्या आसपास लागतो. इथे तो हजारोंचा शॉवर पावसासारखा नाही, गळक्या पत्र्यासारखा पडेल. पहिल्या मजल्यावरच्या शेजाऱ्याला आणखी तीन मजल्यांचे नऊ मीटर मिळतात, म्हणजे त्याच्याकडे तोच शॉवर छान चालेल. वरच्या मजल्यावर कमी छिद्रांचा, चार इंची, रबरी टोकांचा साधा प्लास्टिकचा शॉवर जास्त जोरात येतो. रबरी टोकांवरचा क्षार अंगठ्याने चोळला की निघतो. शॉवर आट्यावर असतो, दोन मिनिटांत बदलतो, त्यामुळे तिथे बिनधास्त स्वस्त घ्या. बऱ्याच डायव्हर्टरलाही किमान दाब लागतो. डब्यावर तो लिहिलेला असतो, तेवढा वाचायचा.

मग काय ठरलं? मास्टर बाथरूमच्या नळाची भिंत साडेचार इंची आहे आणि तिच्या पलीकडे बेडरूमचं कपाट येणार आहे. तिथे गळती झाली तर आधी कपाटातले कपडे सांगतील. तिथे वॉल मिक्सर, पितळी. दुसऱ्या बाथरूमची भिंत डक्टला लागून आहे. तिथे हौस म्हणून डायव्हर्टर, कारण वेळ आलीच तर डक्टच्या बाजूने वीट काढून पोहोचता येतं. तिथे बॉडीवर खर्च, ट्रिम साधा क्रोम.

पितळ ओळखायचं कसं, असं तिने विचारलं. क्रोम चढवलं की पितळ आणि जस्ताच्या मिश्रधातूचा नळ सारखेच दिसतात. चुंबक दोघांनाही चिकटत नाही, त्यामुळे चुंबकाचा उपयोग फक्त लोखंड पकडायला. दोन सारख्या आकाराचे नळ दोन हातांत घ्या, पितळ जड लागतं. मग पाणी येतं त्या तोंडातून आत बघा. तिथे क्रोम नीट पोहोचलेला नसतो, पितळ असेल तर पिवळं दिसतं. दांडी मात्र चांगल्या नळांचीही बऱ्याचदा जस्ताची असते, त्यात फसवणूक नाही, ती पाण्यात नसते.

भिंतीत आणखी एक बारकी वस्तू आहे जिच्यावर कोणी बोलत नाही. नळ जिथे आवळला जातो तो एल्बो. पूर्ण प्लास्टिकच्या आट्याचा एल्बो नळ आवळताना चिरतो, आणि चीर महिन्याभराने कळते. आत पितळी आटा बसवलेला सीपीव्हीसी एल्बोच घ्यायला लावा. संपूर्ण बाथरूमच्या खर्चात हा फरक चहापाण्याइतका आहे.

स्वस्त चालेल ती यादी मोठी आहे: टॉवेल रॉड, साबणदाणी, शॉवर, वॉशिंगच्या जागेचा पीटीएमटी प्लास्टिकचा कॉक. हा शेवटचा तर जड पाण्यात गंजतही नाही. अपवाद एकच. जेट स्प्रे स्वस्त घ्या, पण त्याच्या आधीचा अँगल कॉक पितळी घ्या आणि वापरून झालं की बंद करा. स्प्रेची नळी सतत दाबाखाली राहिली तर कधीतरी फुटते, आणि ती बहुधा घरात कोणी नसतानाच फुटते.

टाइल लावण्याआधी प्लंबरकडून तीन गोष्टी करून घ्यायच्या. पहिली, कार्ट्रिज न बसवता लाइन पाण्याने धुऊन काढायची, नाहीतर सिमेंटचे कण आणि पाइपचा चुरा थेट त्यात जातो. दुसरी, बॉडीवरच्या प्लास्टिकच्या टोपणावर टाइलची पातळी कुठून कुठपर्यंत चालेल त्या खुणा असतात. प्लास्टर आणि टाइल धरून त्या खुणांच्या मध्येच बॉडी बसली पाहिजे. जास्त आत गेली तर दांडी पोहोचत नाही, बाहेर राहिली तर प्लेट टेकत नाही. तिसरी, हातपंपाने दाब देऊन रात्रभर ठेवायचा आणि सकाळी गेज बघायचं. काटा थोडा हलला तर हवेमुळे किंवा गारव्यामुळेही असेल, पण बराच खाली आला तर प्रत्येक जोडावर कोरडं फडकं फिरवायचं. मग मोजायचा टेप लावून भिंतीचे फोटो काढायचे, पुढे ड्रिल मारताना तेच कामाला येतात.

तयार फ्लॅट घेतला असेल आणि डायव्हर्टर आधीच गाडलेला असेल, तर प्लेट काढून आतली कंपनी आणि मॉडेल टिपून घ्या. भिंतीला ओल दिसली तर फोडाफोडीआधी दोन दिवस ते बाथरूम वापरू नका, मेन कॉक चालू ठेवा. ओल तशीच वाढली तर दाबाच्या लाइनमध्ये, म्हणजे बहुधा बॉडी किंवा एल्बोला गळती आहे. वाळायला लागली तर दाबाची लाइन निर्दोष, पाणी टाइलच्या सांध्यांतून, खालच्या जाळीपाशी किंवा नळाच्या पुढे शॉवरकडे-तोटीकडे जाणाऱ्या पाइपात मुरतंय.