#गणपती लिहिलं आणि ‘गणपत’ उरला

गोव्यातल्या साखळीजवळच्या आमच्या गावात जत्रेला मराठी नाटक होतं. मावसभावाने त्याचा फोटो टाकला आणि खाली रोमनमध्ये #sakhalinatak असा टॅग दिला. मी विचारलं, देवनागरीत का नाही? तो म्हणाला, ‘‘देवनागरी टॅग लावला की पोस्ट दाबतात.’’ हा समज आमच्याकडे दृष्ट लागण्याच्या समजाइतकाच घट्ट आहे. लिपी पाहून पोस्ट दाबणारं कुणी असल्याचा पुरावा मला कधी दिसला नाही. मात्र काही ठिकाणी देवनागरी टॅग खरोखर तुटतो. त्याचं कारण भलतंच आहे.

संगणकासाठी ‘गो’ हे एक अक्षर नाही. तिथे ग आणि ओकाराची मात्रा अशी दोन वेगळी चिन्हं एकामागून एक साठवलेली असतात. युनिकोड या जागतिक सांकेतिक यादीत ‘ग’ची नोंद ‘अक्षर’ म्हणून होते. काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार आणि हलन्ताची खूण यांची नोंद ‘जोडखूण’ म्हणून होते. टॅग शोधणाऱ्या साध्या प्रोग्रामला एवढंच सांगितलेलं असतं, की # नंतर अक्षरं आणि अंक येतील तोवर वाचत जा. जोडखूण आली की तो थांबतो. पायथन या संगणकभाषेत हे कुणालाही करून पाहता येतं:

```
>>> import re
>>> re.findall(r'#\w+', '#चवथ #गणपती #मडगाव #गोवा')
['#चवथ', '#गणपत', '#मडग', '#ग']
```

यातली ‘चवथ’ पाहा. आपला गोव्याचा शब्द साबूत सुटला, कारण त्यात एकही मात्रा नाही. गणपतीची वेलांटी गेली आणि गणपत नावाचा माणूस उभा राहिला. गोव्याचं तर नुसतं ‘ग’ उरलं. इंग्रजी शब्दांत जोडखुणाच नसल्यामुळे हा दोष इंग्रजीत टॅग लिहिणाऱ्याला कधी दिसतच नाही. दुरुस्ती एका ओळीची आहे: जोडखुणाही शब्दाचाच भाग धरायच्या. मोठ्या समाजमाध्यमांवर आज देवनागरी टॅग सहसा पूर्ण चालतो. तुटतो तो कुणीतरी घाईत बनवलेल्या छोट्या ॲपमध्ये किंवा संकेतस्थळाच्या शोधखिडकीत. ओळखायचं कसं? #गोवा टाकून पाहा आणि निळा रंग शब्दात कुठवर पोचतो ते बघा. ‘ग’पाशीच थांबला तर समजा, तिथे देवनागरीची सोय केलेली नाही.

दुसरी खोच मराठीत हमखास भेटते आणि मला ती फार आवडते. ‘किनाऱ्यावर’ मधला अर्धा र दोन प्रकारे टंकता येतो. एकात खाली टिंब असलेला ‘ऱ’ आणि हलन्त असतो. दुसऱ्यात साधा ‘र’, हलन्त आणि त्यानंतर ZWJ नावाचं एक अदृश्य चिन्ह असतं. पहिल्या प्रकारात शब्दाची दहा चिन्हं भरतात, दुसऱ्यात अकरा. डोळ्यांना दोन्ही अगदी सारखे दिसतात, पण संगणकाला ते दोन वेगळे शब्द वाटतात. दोन कळफलकांवरून लिहिलेले #किनाऱ्यावर हे टॅग म्हणून दोन वेगळ्या ढिगांत जाऊन पडू शकतात. युनिकोडचं नेहमीचं प्रमाणीकरणही या दोघांना एक करत नाही. तेव्हा टॅगमध्ये ऱ्य टाळून #किनारा लिहिलेलं बरं.

मग रोमनच सोपी नाही का? गोव्यात तरी नाही. पाटीवर Sanquelim, तोंडात साखळी, आणि मराठीतून रोमनमध्ये उतरवणारा कुणी Sakhali लिहितो तर कुणी Sankhali. डिचोली पाटीवर Bicholim होते, केपे Quepem. पोर्तुगीज लेखनपद्धतीत e आणि i च्या आधी ‘क’साठी qu येतो आणि शेवटचा m स्वर नाकात उच्चारायची खूण असतो. शिगमो कुणी Shigmo लिहितो, रोमी कोंकणीत तो Xigmo होतो. टॅगची जुळणी शब्दशः होते. तिथे ‘जवळपास तेच’ चालत नाही, त्यामुळे एकच गाव चार ढिगांत विखुरतं. शोधयंत्रं थोडी समजूतदार असतात. पुष्कळदा स्पेलिंग सावरून घेतात, रोमनमधल्या मराठीवरून देवनागरी पानही काढून देतात. पण एखाद्या छोट्या शोधखिडकीकडून तेवढी अपेक्षा धरू नये.

म्हणून मावसभावाला मी सांगितलं, की ओळी देवनागरीत लिही. मराठीत शोधणारा आपल्याच शब्दांनी शोधेल. गावाचं नाव मात्र दोनदा दे, एकदा #साखळी आणि एकदा पाटीवरचं #Sanquelim, कारण बाहेरून येणारा नकाशावर तेच वाचतो. त्याने दोन्ही टाकले. निळा रंग ‘साखळी’च्या शेवटच्या वेलांटीपर्यंत गेला. मग त्याने न विचारता #जत्रा जोडला, आणि तोही तुटला नाही. #sakhalinatak मात्र तसाच ठेवलाय. म्हणतो, मंडळातली पोरं तेच टंकतात.