खाली वाकणं आणि पुढे झुकणं: स्प्रिंट स्टार्टमधला फरक

शंभर मीटरच्या सरावात सगळ्यात जास्त ऐकू येणारी सूचना म्हणजे ‘खाली राहा, लवकर उठू नकोस’. सूचना चुकीची नाही, पण ती ऐकून निम्मी मुलं कमरेत वाकतात, हनुवटी छातीला टेकवतात आणि पाठीची कमान करून पहिले पंधरा मीटर पळतात. लांबून बघणाऱ्याला ती ड्राइव्ह फेजच, म्हणजे सुरुवातीचा वेग वाढवण्याचा टप्पाच वाटतो. डोकं खाली आहे, पाठ आडवी आहे, अजून काय हवं? प्रत्यक्षात ही मुलं जे करतात आणि चांगला स्प्रिंटर जे करतो, त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एकीत फक्त धड खाली येतं, दुसरीत घोट्यापासून डोक्यापर्यंतचं अख्खं शरीर एका रेषेत पुढे कलतं.

हा फरक पकडायला मोबाइल पुरतो. धावपटूच्या बाजूला, लेनशी काटकोनात, सात-आठ मीटरवर मोबाइल कमरेच्या उंचीला स्थिर ठेवा आणि स्लो मोशनमध्ये पहिली चार पावलं घ्या. मग प्रत्येक पावलात मागचा पाय जमीन सोडतो त्या क्षणी व्हिडिओ थांबवा. घोटा, गुडघा, कंबर, खांदा आणि कान हे पाचही बिंदू जवळपास एका सरळ तिरक्या रेषेत आले, तर ते झुकणं. रेष कमरेपाशी मोडली, म्हणजे पाय बऱ्यापैकी उभा आणि धड मात्र आडवं दिसलं, तर ते वाकणं. दुसरी खूण पाऊल टेकतानाची. झुकलेल्या धावपटूचं पहिलं पाऊल कमरेच्या खाली किंवा किंचित मागे पडतं आणि नडगी पुढच्या दिशेला तिरकी असते. वाकलेल्याचं पाऊल कमरेच्या पुढे पडतं, कारण तोल पुढे गेलेला असतो आणि तोंडावर आपटू नये म्हणून पाय आपोआप पुढे टाकला जातो. असं पुढे पडलेलं प्रत्येक पाऊल ब्रेकचं काम करतं.

असं का होतं ते समजलं की बाकीचं सोपं जातं. धावत्या एसटीत उभं असताना ड्रायव्हरने जोरात वेग घेतला तर मागे पडू नये म्हणून आपण पुढे झुकतो, आणि गाडी एका वेगाने चालू लागली की सरळ होतो. धावपटूचंही तसंच आहे. त्याचं झुकणं त्याच्या वेगवाढीतून येतं. जमीन त्याला दोन दिशांनी ढकलते: वर, म्हणजे वजन पेलण्यासाठी, आणि पुढे, म्हणजे वेग वाढवण्यासाठी. या दोन्हींची मिळून जी तिरकी दिशा होते, साधारण त्याच तिरक्या रेषेत शरीर असलं तर तोल राहतो. पुढचा जोर मोठा असेल तर रेष जास्त तिरकी, जोर कमी झाला की रेष उभी होत जाते. जोरापेक्षा जास्त तिरकं व्हायला गेलं, की गुरुत्वाकर्षण खाली ओढतं.

याचा हिशेब करून बघू. जमिनीशी होणाऱ्या कोनाची टॅन किंमत म्हणजे 9.8 भागिले वेगवाढ. हवेचा विरोध इथे सोडून दिला आहे. जागतिक दर्जाचा पुरुष स्प्रिंटर निघताना पाय टेकवायच्या ब्लॉकवर साधारण 0.35 सेकंद जोर लावतो आणि सुमारे 3.5 मीटर प्रति सेकंद वेगाने बाहेर पडतो. म्हणजे वेगवाढ सेकंदाला सुमारे 10 मीटर प्रति सेकंद, आणि कोन जवळपास 45 अंश. फोटोंमध्ये दिसणारा तो प्रसिद्ध 45 अंशांचा कोन इथून येतो. आता तेरा-साडेतेरा सेकंदांत शंभर मीटर धावणारी शाळकरी मुलगी घ्या. समजा ती ब्लॉकवर 0.42 सेकंद राहते आणि 2.7 च्या वेगाने निघते. वेगवाढ झाली साधारण 6.4, आणि कोन 57 अंश. तिच्या ताकदीला शोभणारी रेष ही आहे. तिला 45 अंशांवर जायला सांगितलं तर पाय तो जोर देऊ शकत नाहीत, आणि उरलेले अंश ती कंबर मोडून भरून काढते. वाकण्याची सुरुवात बहुतेक वेळा अशी होते: मोठ्या खेळाडूचा कोन उसना घेतला जातो, त्याच्यामागचा जोर काही येत नाही.

ब्लॉकची मांडणी इथेच महत्त्वाची ठरते. सर्वसाधारणपणे पुढचा ब्लॉक रेषेपासून पावलाच्या पावणेदोन ते दोन लांब्या मागे आणि मागचा ब्लॉक त्याच्याही एक लांबी मागे ठेवतात. ही फक्त सुरुवात. खरी तपासणी ‘सेट’च्या, म्हणजे बंदुकीआधी कंबर उचलून थांबण्याच्या स्थितीत करायची. पुढच्या गुडघ्यात साधारण काटकोन, मागच्या गुडघ्यात 120 ते 130 अंश, कंबर खांद्यांपेक्षा थोडी वर, आणि बाजूने पाहिल्यावर दोन्ही नडग्या जवळपास समांतर दिसल्या पाहिजेत. पुढचा ब्लॉक रेषेच्या फार जवळ असला तर गुडघा काटकोनापेक्षा जास्त दुमडतो आणि पाय उलगडताना शरीर वर उसळतं. मग वर आलोय हे जाणवून मूल डोकं खाली घालतं. म्हणजे प्रशिक्षकाला दिसतं वाकणं, पण दोष असतो ब्लॉकच्या अंतरात. अशा वेळी ‘खाली राहा’ हे शंभर वेळा ओरडून उपयोग नाही. ब्लॉक तीन-चार सेंटिमीटर मागे घेऊन बघावा.

ब्लॉकच्या तिरकेपणाबद्दल माझं मत ठाम आहे: पुढचा ब्लॉक बऱ्याच ठिकाणी गरजेपेक्षा जास्त उभा लावला जातो. तो 40 ते 50 अंशांच्या आसपास आणि मागचा त्यापेक्षा थोडा उभा ठेवणं ही चांगली सुरुवात आहे. पुढचा ब्लॉक जरा आडवा असला की टाच मागे टेकते, पोटरी आधीच ताणलेली राहते आणि बंदूक वाजताक्षणी ताणलेला स्नायू लगेच जोर देतो. ब्लॉक उभा असला तर पाऊल चवड्यावर उभं राहतं, पोटरी आखूड झालेली असते आणि जोर द्यायला उशीर होतो. मात्र घोटा कमकुवत असलेल्या मुलाला फार आडवा ब्लॉक दिला तर जोर लावताना टाच मागे खचते आणि तो वेळ वाया जातो. हेही व्हिडिओत दिसतं: कंबर पुढे निघण्याआधी टाच मागे सरकली, तर ब्लॉक एक खाच उभा करावा.

मग उठायचं कधी? ‘तीस मीटरला डोकं वर’ असा आकडा सगळ्यांना देतात. वरच्या हिशेबावरून लक्षात येईल की शरीर उभं होणं हे अंतरावर अवलंबून नाही, वेगवाढ किती उरली यावर आहे. वेगवाढ 5 वर आली की कोन 63 अंश होतो, 2 वर आली की 78. उसेन बोल्टच्या 2009 मधल्या बर्लिनच्या 9.58 सेकंदांच्या शर्यतीचं उदाहरण घेऊ. त्याने 20 मीटर 2.89 सेकंदांत, 40 मीटर 4.64 मध्ये आणि 60 मीटर 6.31 मध्ये पार केले. म्हणजे 20 ते 40 दरम्यान त्याचा सरासरी वेग 11.43 आणि 40 ते 60 दरम्यान 11.98 होता. चाळीस मीटरच्या आसपास त्याची वेगवाढ उरली होती अवघी 0.3, आणि तिला लागणारा कोन 88 अंश. त्यानंतरही त्याचा वेग वाढतच होता, 60 ते 80 मध्ये तो 12.4 पर्यंत गेला, पण ती वाढ इतकी बारीक होती की तिच्यासाठी झुकण्याची काही गरजच नव्हती. जगातल्या सगळ्यात वेगवान माणसाचं झुकणं चाळीस मीटरला संपलेलं असेल, तर ज्या मुलीचा सर्वोच्च वेग तीस-पस्तीस मीटरलाच येतो, तिने तीस मीटरपर्यंत खाली राहणं कोणत्याच हिशेबात बसत नाही. तिचं शरीर वीस-पंचवीस मीटरला जवळपास उभं झालेलं असणं स्वाभाविक आहे.

उठणं ही एका पावलात होणारी क्रियाही नाही. ब्लॉक सोडल्यापासून प्रत्येक पावलागणिक शरीर थोडं थोडं उभं होत जातं. सुरुवातीला ते नडगीत दिसतं, म्हणजे टेकताना ती दर पावलाला जरा जास्त उभी असते, आणि साधारण चौथ्या-पाचव्या पावलापासून पाऊल कमरेच्या किंचित पुढे पडू लागतं. चांगल्या स्प्रिंटरचं धड पुरतं उभं व्हायला साधारण चौदा पावलं लागतात. मान शेवटपर्यंत पाठीच्या रेषेतच राहते आणि नजर धडाबरोबर वर येते. जो धावपटू पंधरा मीटर खाली बघून धावतो आणि मग एकदम मान उचलतो, त्याची छाती मागे जाते, कंबर खाली बसते आणि पुढची दोन-तीन पावलं लांब व जड पडतात. त्या जागी स्पाइक्सचा आवाजही बदलतो, टपटप जाऊन थपथप येतं. वाकलेल्याला उठावंच लागतं, म्हणून तो असा झटक्यात उठतो. झुकलेल्याला उठायचं म्हणून वेगळं काही करावं लागत नाही.

उलट चूकही दिसते. काही धावपटू तिसऱ्या पावलालाच ताठ होतात. तिथे हातांकडे बघावं. पहिल्या पावलाला पुढचा हात कपाळापर्यंत आणि मागचा हात कमरेच्या बराच मागे गेला नाही, हात छातीपाशीच आखूड हलले, तर पायांची ढकलही आखूड होते; पाय पूर्ण सरळ होण्याआधीच उचलला जातो. जोर अर्धवट लागल्यामुळे झुकणं टिकत नाही. यावर चढाची धाव हा मला सगळ्यात प्रामाणिक व्यायाम वाटतो. सौम्य चढावर पंधरा-वीस मीटर धावताना पाय पूर्ण ढकलल्याशिवाय पुढे जाताच येत नाही, आणि कमरेत वाकलेला धावपटू तिथे लगेच दमतो.

पोलीस भरतीच्या शंभर मीटरची तयारी करणाऱ्यांनी हे थोडं वेगळं लावून घ्यावं. गावच्या मातीच्या ग्राउंडवर ब्लॉकविना, उभ्याने निघायचं असेल तर मागे ढकलायला पक्का आधार नसतो आणि बूट थोडा घसरतो. पहिल्या ढकलेचा जोर कमी, म्हणून सोसणारा कोनही जास्त उभा, आणि शरीर सरळ होण्याची जागाही अलीकडे. पुढचा पाय रेषेमागे, वजन त्याच पायाच्या चवड्यावर, त्याच्या विरुद्ध बाजूचा हात पुढे, आणि पुढच्या गुडघ्यात इतपतच वाक की टाच हलकी उचलली जाईल. निघताना मागचा पाय आधी मागे सरकत असेल तर वजन पुढच्या पायावर पुरेसं आलेलं नाही. तसं असेल तर उभं राहण्याची स्थिती सुधारावी, मान खाली घालून काही होणार नाही.