पंपाच्या पाटीवरचा प्रवाह आणि हौदात पडणारा प्रवाह

बेळगावातल्या बऱ्याच घरांत पाण्याची रचना सारखीच असते. राकसकोप किंवा हिडकल धरणाचं पाणी आधी अंगणातल्या संपमध्ये, म्हणजे जमिनीखालच्या टाकीत, येतं आणि तिथून छोटा पंप ते गच्चीवरच्या हौदात चढवतो. हौद भरायला किती वेळ लागेल हे काढायची रीत शाळेत शिकवलेलीच आहे: हौदात मावणारे लिटर भागिले प्रवाह. तरी उत्तर चुकतं. एक तर हौद गळायला लागलाय असं वाटतं, नाहीतर ओव्हरफ्लोचं पाणी शेजाऱ्यांच्या दारात जातं. भागाकार बरोबर असतो, पण हौद बाहेरून मापलेला असतो किंवा ‘प्रवाह’ म्हणून पंपावरच्या पाटीवरचा आकडा घेतलेला असतो. पाटीवरचा प्रवाह आणि हौदाच्या तोंडाशी पडणारा प्रवाह, दोन्ही लिटर प्रति तासातच सांगतात, म्हणून एकाच्या जागी दुसरा सहज खपून जातो.

आधी लिटरचं उरकून घेऊ. आपल्याकडे गवंडी हौद फूट-इंचात बांधतो आणि पोरं शाळेत मीटर शिकून येतात. एक घनफूट म्हणजे २८.३२ लिटर, एक घनमीटर म्हणजे १००० लिटर. घरात जो टेप असेल त्यानं मापा, फक्त मधेच एकक बदलू नका. ४ फूट ३ इंच म्हणजे ४.२५ फूट, ४.३ नव्हे, कारण इंचाला बारानं भागायचं असतं.

माप आतून घ्यायचं. वडगावातल्या दुमजली घरावरचा एक विटांचा हौद उदाहरणाला घेऊ. आतून लांबी ५ फूट, रुंदी ४ फूट, भिंतीची उंची साडेतीन फूट, पण ओव्हरफ्लोचं भोक तळापासून बरोबर ३ फुटांवर. त्याच्या वर पाणी कधी चढणारच नाही, तेव्हा उंची ३ फूटच धरायची. ५ × ४ × ३ म्हणजे ६० घनफूट, आणि ६० गुणिले २८.३२ म्हणजे सुमारे १७०० लिटर. हाच हौद बाहेरून मापला आणि भिंतीची पूर्ण उंची धरली, तर पाच इंची भिंतींमुळे लांबी ५ फूट १० इंच, रुंदी ४ फूट १० इंच होते आणि हिशेब जवळजवळ २८०० लिटरवर जातो. अकराशे लिटर नुसते विटा-सिमेंटचे आणि हवेचे! वेळ काढण्याआधीच गणित इथं निम्म्याहून जास्त फुगलेलं असतं.

आता पाटीकडे वळू. अर्ध्या हॉर्सपॉवरच्या घरगुती पंपावर साधारण असं काही असतं: हेड ६/२४ मीटर, डिस्चार्ज २१००/५०० लिटर प्रति तास. हेड म्हणजे पाणी चढवायची उंची, डिस्चार्ज म्हणजे प्रवाह. दुकानात हे वाचताना माणूस दोन्हीकडचे मोठे आकडे उचलतो. पंप २४ मीटर उंच पाणी चढवतो आणि तासाला २१०० लिटर देतो, असा अर्थ लावून निर्धास्त होतो. या आकड्यांची जोडी मात्र उलटी लागते. ६ मीटर चढवायचं असेल तर २१००, २४ मीटर चढवायचं असेल तर ५००. पंपाची ताकद तेवढीच असते, त्यामुळे जितकं उंच न्याल तितकं पाणी कमी. दोन्ही मोठे आकडे एकाच वेळी मिळतील अशी जागा कुठंच नाही.

मग आपल्या घराचं हेड किती? संपमधलं पाणी पंपापासून २ मीटर खाली आहे आणि हौदात पडणाऱ्या पाइपचं तोंड पंपापासून ९ मीटर वर. म्हणजे ११ मीटर झाले. शिवाय पाइपच्या आतल्या घासणीत, वळणावरच्या प्रत्येक एल्बोत, संपमधल्या पाइपच्या टोकाला असलेल्या फूटव्हॉल्व्हच्या जाळीत थोडा जोर वाया जातो. पाइप अरुंद असेल तर हा वाया जाणारा भाग झपाट्यानं वाढतो. पाऊण इंचीऐवजी एक इंची पाइप टाका असं प्लंबर सांगतो ते त्यासाठीच. इथं तो भाग पावणेदोन मीटर धरला, तर एकूण हेड पावणेतेरा मीटरच्या आसपास जातं. पाटीवरच्या दोन टोकांच्या मधे सरळ रेषा आहे असं मानलं, तर या हेडला तासाला साधारण १५०० लिटर मिळायला हवेत. अशा छोट्या पंपांना सरळ रेषेचा अंदाज बऱ्यापैकी चालतो, तरी तो अंदाजच.

अंदाजावर का थांबायचं? आमच्या गल्लीत काम करणारे प्लंबरमामा एका वाक्यात निकाल लावतात: “पाटी बघून काय करायलाय? वर जाऊन बादली लावा की!” ‘वर जाऊन’ हे त्यातलं महत्त्वाचं. खाली पंपाजवळच्या तोटीला बादली लावली तर नऊ मीटरची चढणच निघून जाते, पाणी जोरात येतं आणि आपण पुन्हा पाटीच्या गोड आकड्याकडे जातो. बादली हौदाच्या तोंडाशीच लावायची. बादलीवर २० लिटर छापलेलं असलं तरी ती काठोकाठ भरल्यावर २० भरेलच असं नाही. म्हणून आधी पिण्याच्या पाण्याच्या वीस लिटरच्या कॅननं बादली भरून आत खूण करून घ्यावी. पंप सुरू करून दोन-तीन मिनिटं जाऊ द्यायची, पाइपमधली हवा निघून धार एकसारखी झाली की मोबाइलचं घड्याळ लावायचं.

समजा खुणेपर्यंत यायला ४८ सेकंद लागले. ४८ सेकंदांत २० लिटर म्हणजे मिनिटाला २५ लिटर, तासाला १५००. आता दोन्ही प्रवाह एकाच हौदाला लावून बघू.

पाटीचा मोठा आकडा धरला तर १७०० भागिले २१०० म्हणजे ०.८१ तास. इथं आणखी एक ठेच लागते. ०.८१ तास म्हणजे ८१ मिनिटं नव्हेत. साठानं गुणायचं, म्हणजे साधारण ४९ मिनिटं. हौदाच्या तोंडाशी मोजलेला प्रवाह धरला तर १७०० भागिले २५ म्हणजे ६८ मिनिटं. मिनिटाचा प्रवाह घेतला की उत्तर सरळ मिनिटांतच येतं, दशांश तासांच्या भानगडीत पडावं लागत नाही. हौद तोच, पंप तोच, आणि फरक १९ मिनिटांचा. पाटीवर विश्वासून ४९ मिनिटांचा टायमर लावणाऱ्याचा हौद रोज सुमारे दहा इंच रिकामा राहतो आणि तो पंपवाल्याला फोन करत बसतो.

बादली धरून गच्चीवर ओणवं होणं ज्यांना जमत नाही त्यांच्यासाठी दुसरी वाट आहे. माझ्या मते ती बादलीपेक्षा चांगली. हौदात एक सरळ पट्टी उभी करा, पाण्याची पातळी टिपा, पंप दहा मिनिटं चालवा आणि पुन्हा टिपा. आपल्या हौदाचा तळ २० चौरस फूट आहे, म्हणजे पातळी एक इंच वाढली की सुमारे ४७ लिटर आले. दहा मिनिटांत पातळी ५.३ इंच चढली तर २५० लिटर आले, म्हणजे मिनिटाला २५. बादलीनं सांगितलं तेच. चौकोनी हौदाचा फायदा असा की भिंती सरळ उभ्या असल्यामुळे खालचा इंच आणि वरचा इंच सारखाच भरतो. म्हणून वेळ काढायला लिटरची गरजच पडत नाही. दहा मिनिटांत ५.३ इंच, तर ३६ इंचाला ६८ मिनिटं. लिटर लागतात ते पाटीशी तुलना करताना.

रोजच्या वापरात तर हीच रीत सोयीची, कारण हौद सहसा पूर्ण रिकामा नसतोच. पाण्यापासून ओव्हरफ्लोच्या भोकापर्यंत २० इंच बाकी दिसले तर ३८ मिनिटांचा टायमर लावून खाली यावं. काळ्या गोल टाकीला हे इतकं नीट लागू पडत नाही, तिचा वरचा भाग निमुळता असतो.

मोजताना हौदातून खाली जाणारा व्हॉल्व्ह बंद ठेवायचा. खाली कोणी अंघोळ करत असेल आणि मिनिटाला ८ लिटर जात असतील, तर पातळी चढते ती फक्त उरलेल्या १७ लिटरनं. त्या हिशेबानं तोच हौद ६८ ऐवजी १०० मिनिटं घेईल. मग पंप बिघडला असं वाटतं, प्रत्यक्षात न्हाणीघराची तोटी उघडी असते.

मोजलेला प्रवाहही कायमचा नसतो, पण तो कुठं आणि किती हलतो हे समजतं. हौद भरत जातो तशी संपमधली पातळी उतरते आणि चढण वाढते. संपचा तळ ३० चौरस फुटांचा असेल तर ६० घनफूट उपसल्यावर पातळी २ फूट खाली जाते, म्हणजे सुमारे ०.६ मीटर. आपल्या पंपाला हे तासाला पन्नासेक लिटरांचं नुकसान. एक-दोन मिनिटांचा फरक पडेल, सोडून द्यावा. संध्याकाळी व्होल्टेज फार पडलं तर प्रवाह त्याहून जास्त घटू शकतो, म्हणून ज्या वेळी पंप नेहमी लावता त्याच वेळी मोजा.

ज्यांच्याकडे पंपच नाही आणि नळाचं पाणी थेट खालच्या हौदात पडतं, त्यांना पाटीही नसते. पाणी सुटल्याबरोबर गल्लीतल्या साऱ्या तोट्या उघडतात, तेव्हा धार बारीक असते. लोकांचं भरून झालं की वाढते. अशा ठिकाणी एकदा मोजलेल्या धारेवर पूर्ण हौदाची वेळ काढू नये. दर पंधरा मिनिटांनी पट्टीवर किती इंच चढले ते लिहून ठेवावं आणि उरलेल्या इंचांचा हिशेब शेवटच्या पंधरा मिनिटांवरून करावा.

पंपवाल्या घरांनी एकदा मोजलेला आकडा टायमरजवळ भिंतीवर पेन्सिलनं लिहून ठेवावा: दहा मिनिटांत ५.३ इंच, आणि शेजारी तारीख. काही महिन्यांनी तोच पंप दहा मिनिटांत ४ इंचच चढवायला लागला, तर हौदाची मापं पुन्हा घेत बसू नका. तो मिनिटाला १९ लिटरवर आला आहे आणि हौदाला आता ९० मिनिटं लागतील. आधी फूटव्हॉल्व्हची जाळी काढून बघा, संपच्या तळातला गाळ बहुतेक तिथंच अडकलेला असतो. जाळी साफ करूनही आकडा वर आला नाही, तर संपमधून पाणी ओढणाऱ्या सक्शनच्या पाइपला कुठं हवा धरतेय का ते तपासा. तोंडाशी धार फुसफुसत, तुटत तुटत पडते ती त्याचीच खूण.