प्रलंबित पुनर्मूल्यांकन अर्ज

विद्यापीठाच्या लेखी परीक्षेतील उत्तरपत्रिका दुसऱ्या परीक्षकाकडून पुन्हा तपासून घेण्यासाठी विद्यार्थी जो अर्ज करतो, त्याचा निकाल येईपर्यंत तो अर्ज प्रलंबित मानला जातो. विद्यार्थ्याच्या लॉगिनमध्ये तेवढ्या काळात बहुधा ‘पेंडिंग’ हा एकच शब्द दिसतो. मात्र तो शब्द निदान चार वेगवेगळ्या अवस्थांसाठी वापरला जातो, आणि प्रत्येक अवस्थेचे टेबल वेगळे असते. ही नोंद महाराष्ट्रातील राज्य विद्यापीठे आणि त्यांना संलग्न महाविद्यालये यांच्यापुरती आहे. शुल्क, मुदत आणि गुणबदलाचे नियम प्रत्येक विद्यापीठ आपल्या परिपत्रकाने ठरवते, म्हणून त्या-त्या परीक्षेचे परिपत्रक आधी उतरवून ठेवावे.

गुणपडताळणी आणि पुनर्मूल्यांकन यांची गल्लत नेहमी होते. गुणपडताळणीत बेरीज चुकली आहे का, एखादे उत्तर तपासायचे राहिले आहे का, आतले गुण मुखपृष्ठावर नीट उतरले आहेत का, एवढेच पाहतात. पुनर्मूल्यांकनात उत्तरे नव्याने वाचून गुण दिले जातात. प्रात्यक्षिक, तोंडी आणि अंतर्गत गुणांना ही सोय सहसा नसते. पुनर्मूल्यांकन हा विद्यार्थ्याचा उपजत हक्क नाही, तो विद्यापीठाच्या नियमातून मिळतो. महाराष्ट्र राज्य मंडळाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 1984 मध्ये मंडळाचा पुनर्मूल्यांकन नाकारणारा नियम वैध ठरवला होता.

अर्ज कुठून कुठे जातो

निकालानंतर आधी उत्तरपत्रिकेची छायांकित प्रत मागवतात. काही विद्यापीठांत प्रत घेतल्याशिवाय पुनर्मूल्यांकनाचा अर्जच करता येत नाही. अर्ज भरून शुल्क भरले की पहिली अवस्था सुरू होते: पैसे विद्यापीठाच्या खात्यात पोचल्याची नोंद. बँकेतून रक्कम वजा झाली पण पोर्टलवर पावती निघाली नाही, तर परीक्षा विभागाच्या लेखी तो अर्ज आलेलाच नसतो. इथे अडकलेले विद्यार्थी दोन-दोन महिने निकालाची वाट पाहत राहतात आणि मुदत उलटून जाते. दुसऱ्याच दिवशी पावती उघडून पाहावी. ती नसेल तर मुदतीच्या आतच व्यवहार क्रमांक आणि खाते उतारा जोडून महाविद्यालयाच्या परीक्षा कक्षाला लेखी कळवावे. काही ठिकाणी अर्ज महाविद्यालयाच्या लॉगिनमधून पुढे पाठवावा लागतो. तिथे तो परीक्षा लिपिकाच्या पडद्यावर पडून राहिलेला असू शकतो.

दुसरी अवस्था उत्तरपत्रिका शोधण्याची. स्कॅन करून संगणकावर तपासणी होत असेल तर बारकोडवरून ती लगेच सापडते. मात्र पुरवणीचा बारकोड मूळ उत्तरपत्रिकेशी जोडला गेला नसेल, तर पुरवणीतली उत्तरे तपासलीच जात नाहीत. छायांकित प्रतीत पुरवणीची पाने आहेत का, हे म्हणूनच मोजून पाहायचे. कागदावर तपासणी असेल तर गठ्ठा कॅप केंद्रातून, म्हणजे उत्तरपत्रिका एकत्र तपासतात त्या केंद्रातून, परत मागवावा लागतो, आणि त्याला वेळ लागतो.

तिसरी अवस्था परीक्षकाची. सर्वाधिक उशीर इथे होतो. मूळ परीक्षकाला सोडून त्याच विषयाचा दुसरा पात्र शिक्षक लागतो. कमी विद्यार्थ्यांच्या विषयांत असे शिक्षक मोजकेच असतात. नव्या आणि जुन्या गुणांत फार तफावत आली तर कित्येक विद्यापीठांत उत्तरपत्रिका तिसऱ्या परीक्षकाकडे जाते, आणि तेवढा काळ वाढतो. गुण कमी झाले तर ते लागू होतात की जुनेच राहतात, हे परिपत्रकात पाहूनच अर्ज करावा.

चौथी अवस्था बहुतेकांना माहीतच नसते: बदललेले गुण मूळ निकालात चढवणे. पुनर्मूल्यांकनाची यादी लागते, तिच्यात आसन क्रमांकासमोर नवे गुण असतात, तरी लॉगिनमध्ये आणि गुणपत्रिकेत जुनेच आकडे राहतात.

एक उदाहरण

समजा, बी.कॉम. सहाव्या सत्रात 75 गुणांच्या पेपरला 30 ला उत्तीर्ण आहे आणि विद्यार्थिनीला 27 मिळाले. 10 जूनला निकाल, 18 ला छायांकित प्रत, 22 ला अर्ज. ऑगस्टच्या मध्यापर्यंत ‘पेंडिंग’. ती विभागात फोन करून ‘रिझल्ट कधी लागेल?’ विचारते आणि ‘थांबा, प्रोसेसमध्ये आहे’ हेच उत्तर मिळते. प्रश्न बदलला की उत्तर बदलते: ‘माझी उत्तरपत्रिका पुनर्मूल्यांकनासाठी परीक्षकाला दिली गेली आहे का, आणि कोणत्या तारखेला?’ याला ‘हो’ किंवा ‘नाही’ असेच सांगावे लागते. समजा उत्तर आले की तपासून झाली, 33 गुण आहेत, यादी मागच्या आठवड्यात लागली. म्हणजे अर्ज चौथ्या अवस्थेत आहे. आता परीक्षकांच्या मागे लागण्यात अर्थ नाही. महाविद्यालयामार्फत जुनी मूळ गुणपत्रिका आणि यादीचे ते पान जोडून सुधारित गुणपत्रिका मागायची.

याच काळात पुनर्परीक्षेचा फॉर्म भरायची तारीख येते. तो फॉर्म भरावाच. ‘नो चेंज’ आला आणि फॉर्म भरलेला नसला, तर एक सत्र जाते. पुनर्परीक्षेचे शुल्क परत मिळो न मिळो, ते सत्रापेक्षा स्वस्त पडते.

अडकल्यास कोणाकडे जावे

पहिली पायरी महाविद्यालयाचा परीक्षा कक्ष. प्राचार्यांच्या शिक्क्याचे पत्र असेल तर विद्यापीठाच्या आवक-जावक खिडकीवर नुसत्या तोंडी चौकशीपेक्षा काम पुढे सरकते. त्यानंतर परीक्षा विभागातील पुनर्मूल्यांकन कक्ष, त्यावर परीक्षेचे उपकुलसचिव, आणि शेवटी परीक्षा व मूल्यमापन मंडळाचे संचालक. दोन पानी कैफियत कोणी वाचत नाही. मजकूर एवढाच पुरतो:

‘पीआरएन, आसन क्रमांक, परीक्षेचे नाव व सत्र, पेपर कोड, अर्ज क्रमांक, शुल्काचा व्यवहार क्रमांक व तारीख. अर्ज सध्या कोणत्या टप्प्यावर आहे व निकाल कोणत्या तारखेपर्यंत लागेल, ते लेखी कळवावे.’

दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि तारखेचा शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये. पुढच्या प्रत्येक पायरीवर आधी काय केले याचा पुरावा तोच असतो.

एवढ्याने हलले नाही तर विद्यार्थी तक्रार निवारण समिती. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2023 च्या विनियमांनुसार समितीने 15 कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो. निर्णय मान्य नसेल तर तो मिळाल्यापासून 15 दिवसांत विद्यापीठाने नेमलेल्या लोकपालांकडे अपील करता येते. इथे एक मेख आहे. ‘माझा पेपर पुन्हा तपासा’ अशी मागणी लोकपाल एरवी ऐकत नाहीत. निकालावर परिणाम करणारी ठोस अनियमितता किंवा भेदभाव दाखवावा लागतो. त्यामुळे तक्रार उशिराची असेल तर फक्त उशिराचीच लिहावी, परिपत्रकातली तारीख आणि आजची तारीख शेजारी ठेवून. गुण कमी पडल्याचे गाऱ्हाणे तिच्यात मिसळले की सगळी तक्रारच बाजूला पडण्याचा धोका असतो.

माहिती अधिकाराचा अर्ज समांतर करता येतो. शुल्क 10 रुपये, उत्तराची मुदत 30 दिवस, आणि उत्तर न मिळाल्यास पुढच्या 30 दिवसांत प्रथम अपील. स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका ही या कायद्याखालील ‘माहिती’ आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये स्पष्ट केले. पण हा हक्क उत्तरपत्रिका जतन करायच्या मुदतीपुरताच आहे. ती मुदत संपली की उत्तरपत्रिका नष्ट केल्या जातात, म्हणून अर्ज रेंगाळू लागताच ‘संबंधित उत्तरपत्रिका निर्णय होईपर्यंत जतन करावी’ हे एक वाक्य संचालकांना लिहिलेल्या पत्रात घालून ठेवतात.