नागर शिखर आणि द्राविड विमान : तुलनेचे उत्तर कसे लिहावे

स्पर्धा परीक्षांत ‘उत्तर आणि दक्षिण भारतातील मंदिरशिखरांची तुलना करा’ असा प्रश्न आला की बहुतेक उत्तरपत्रिकांत दोन रकाने आखले जातात. एका बाजूला खजुराहो आणि वालुकाश्म, दुसऱ्या बाजूला तंजावर आणि ग्रॅनाइट. यातले प्रत्येक विधान सुटे पाहिले तर खरे असते, पण तुलना मात्र फसते, कारण दगड हा त्या त्या प्रदेशाच्या भूगर्भाचा भाग आहे आणि प्रश्न शैलीविषयी आहे. दगड, काळ आणि जागा सारखी ठेवून फक्त शैली बदललेली पाहायची असेल तर कर्नाटकात मलप्रभेच्या काठी पट्टदकल येथे जावे लागते. तेथे बदामीच्या चालुक्यांच्या काळातली दोन्ही पद्धतींची मंदिरे एकाच आवारात, एकाच वालुकाश्मात उभी आहेत. गळगनाथ नागर पद्धतीचे आहे, तर विरूपाक्ष द्राविड पद्धतीचे. दुसऱ्या विक्रमादित्याने कांचीच्या पल्लवांवर मिळवलेल्या विजयाच्या स्मरणार्थ राणी लोकमहादेवीने इ.स. ७४० च्या सुमारास विरूपाक्ष मंदिर बांधवले. उत्तराचा कणा म्हणून ही एक जोडी पुरेशी आहे.

प्रथम बाह्यरेषा. गळगनाथाच्या शिखराची कड नजरेने खालून वर चढत गेल्यास ती कोठेही तुटत नाही. सुरुवातीला ती जवळजवळ उभी जाते आणि माथ्याजवळ वेगाने आत वळते. नागर शिल्पपरंपरेत शिखराच्या पायाचे दहा भाग मानले तर वरचा खांदा, म्हणजे स्कंध, साधारण सहा भागांचा ठेवावा असे एक प्रमाण आढळते. पायापेक्षा खांदा एवढाच अरुंद ठेवल्यामुळे शिखर टोकदार न दिसता भरीव दिसते. खांद्यावर आखूड मान, तिच्यावर कंगोऱ्यांचे चपटे चक्र म्हणजे आमलक आणि त्यावर कळस असतो. विरूपाक्षाच्या विमानावर नजर अशी सरळ चढत नाही, ती पायरीपायरीने थांबत जाते. प्रत्येक तल, म्हणजे मजला, खालच्या तलापेक्षा थोडा आत घेतलेला असतो, प्रत्येकाला स्वतःची छोटी भिंत आणि स्वतःचा छज्जा असतो, त्यामुळे आडव्या रेषा ठळक उठतात.

येथे एका शब्दाने अनेकांचे गुण जातात. उत्तरेत ‘शिखर’ म्हणजे गर्भगृहावरचा सगळा उंच भाग. द्राविड परिभाषेत मात्र त्या सगळ्या इमारतीला ‘विमान’ म्हणतात, तर ‘शिखर’ म्हणजे फक्त तिच्या माथ्यावरची घुमटासारखी टोपी, जिच्यावर स्तूपी, म्हणजे कळस, बसते. शिवाय ‘उत्तरेच्या शिखराला मजले नसतात’ हे सर्रास लिहिले जाणारे वाक्यही अचूक नाही. नागर शिखराच्या कोपऱ्यांकडे जवळून पाहिले तर ठरावीक अंतरावर चपटे, कंगोरेदार छोटे आमलक बसवलेले दिसतात आणि त्यांतला प्रत्येक आमलक एकेका भूमीची, म्हणजे मजल्याची, खूण असतो. मजले आहेत, पण वक्र रेषेने ते दाबून टाकले आहेत. द्राविड विमान तेच मजले उघडपणे मिरवते. उत्तरात हे वाक्य आले की परीक्षकाला लगेच कळते की लिहिणाऱ्याने शिखराचे चित्र नीट पाहिले आहे.

अलंकरणाची तुलना सर्वांत रंजक आहे, कारण दोन्हीकडचे मूळ रूप एकच आहे. कार्ले, भाजे किंवा अजिंठा येथील चैत्यगृहांच्या दर्शनी भागावर घोड्याच्या नालेच्या आकाराची मोठी कमान असते, ती लाकडी छपराच्या टोकाची दगडातली नक्कल होय. तिचेच लहान रूप म्हणजे गवाक्ष. नागर कारागिरांनी हा गवाक्ष अर्धा केला, एकात एक गुंफला आणि शिखराच्या मधल्या उभ्या पट्ट्यावर, म्हणजे लतेवर, त्याची जाळी पसरवली. ही जाळी पट्टदकलच्या काशीविश्वनाथ मंदिरावर फार स्पष्ट दिसते. इतकी, की दुरून पाहणाऱ्याला ती कमान आहे हेच जाणवत नाही, केवळ पोत जाणवतो. द्राविड कारागिरांनी गवाक्ष अखंड ठेवला. तो छज्जाच्या कडेवर सुटा सुटा बसतो आणि त्याला कुडू म्हणतात. त्याच्या जोडीला प्रत्येक तलाच्या काठावर छोट्या इमारतींची माळ असते, तिला हार म्हणतात. कोपऱ्यात चौकोनी कूट आणि मध्ये गाडीच्या टपासारख्या छपराची लांबट शाला. म्हणजे विमान हे देवळांनी रचलेले देऊळ असते. उत्तरेतही पुढे हीच कल्पना वेगळ्या वाटेने आली. अकराव्या शतकात खजुराहोच्या कंदारिया महादेव मंदिरावर मुख्य शिखराच्या अंगाला छोटी शिखरे बिलगलेली दिसतात. फरक असा की ही उरःशृंगे उभ्या दिशेने वर झेपावतात आणि कूट-शाला आडव्या ओळीत बसतात.

बांधकामाच्या मुद्द्यावर अनेक उत्तरे अकारण फरक शोधतात. मूळ तंत्र दोन्हीकडे सारखेच आहे. खरी कमान वापरलेली नाही आणि चिरे चुन्याशिवाय एकमेकांवर रचलेले आहेत. प्रत्येक थर खालच्या थरापेक्षा किंचित आत सरकवत पोकळी मिटवत नेतात. पुढे आलेल्या चिऱ्याला आत कलंडू न देण्यासाठी त्याच्या मागच्या भागावर पुरेसे वजन पडावे लागते, म्हणून अशा इमारतीच्या भिंती जाड असतात आणि आतली जागा अरुंद राहते. फरक पडतो तो हे वजन वाहून नेण्याच्या मांडणीत, आणि त्यासाठी तंजावरचे बृहदीश्वर मंदिर घ्यावे. राजराज पहिला याच्या कारकिर्दीत इ.स. १०१० मध्ये पूर्ण झालेल्या या विमानाची उंची ६० मीटरच्या आसपास असून त्याला १३ तल आहेत. गर्भगृहाभोवती दोन भिंती आणि त्यांच्यामध्ये प्रदक्षिणामार्ग आहे. वर चढताना याच दोन भिंती थराथराने एकमेकींकडे सरकून जुळतात आणि त्यांच्या एकत्रित जाडीवर वरचा पोकळ पिरॅमिड उभा राहतो. बाहेरून भरीव वाटणारे हे विमान आतून रिकामे आहे. माथ्यावरची टोपी ८० टनांची एकच शिळा असून ती लांबलचक उतारावरून चढवली, ही गोष्ट उत्तरात हमखास येते. ती टोपी प्रत्यक्षात अनेक दगड जोडून केलेली आहे, त्यामुळे हा आकडा तथ्य म्हणून लिहू नये.

आणखी एक घोटाळा टाळावा. मदुराईची रंगीत, उत्तुंग बांधकामे ही गर्भगृहावरची विमाने नसून प्रवेशद्वारावरची गोपुरे आहेत. त्यांचा खालचा भाग दगडी असला तरी वरचे मजले विटांचे असून त्यांवर चुन्याच्या गिलाव्यात मूर्ती घडवलेल्या आहेत. शिखराच्या तुलनेत गोपुर घालणे म्हणजे देवळाशी वेशीची तुलना करणे होय.

दीडशे शब्दांच्या उत्तरात हे सगळे मावणार नाही. तेव्हा प्रत्येक मुद्दा दोन्ही शैलींना एकाच वाक्यात भिडवून लिहावा. उदाहरणार्थ : ‘पट्टदकलच्या गळगनाथ मंदिराची अखंड वक्र बाह्यरेषा मजल्यांच्या खुणा कोपऱ्यातील आमलकांपुरत्या मर्यादित ठेवते, तर त्याच आवारातील विरूपाक्षाचे विमान प्रत्येक तल कूट-शालांच्या हाराने अधोरेखित करते.’ या एका वाक्यात बाह्यरेषा, अलंकरण आणि उदाहरण तिन्ही येतात. बांधकामासाठी पुढचे वाक्य साम्यापासून सुरू करून तंजावरच्या दुहेरी भिंतीपर्यंत न्यावे. जागा उरलीच तर ती पापनाथ मंदिराला द्यावी. हेही पट्टदकललाच आहे. त्याच्या गर्भगृहावर नागर शिखर आहे आणि मंडपाच्या छपराच्या काठावर मात्र कूट-शालांची द्राविड माळ आहे.